चार बोटं आखूड

धाकट्याला घरात सगळे धाकटाच म्हणत. सगळे म्हणजे दोघीच, आजी आणि ताई. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा तो इतका लहान होता की त्याला त्यांचे चेहरेसुद्धा फोटोतले तेवढेच आठवत. आजी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर वाफेत उभी राहून ती चादरी, डगले आणि रुग्णांची ब्लँकेटं धुवायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या हातांची बोटं भिजून पांढरी पडलेली असत आणि दोन्ही पोरं त्यांना हात लावून खिदळत. आजीची बोटं म्हातारी आणि बाकीची आजी तरुण, असं ताई म्हणायची.

शाल आजीनं धुलाईखान्याच्या फाटकावर घेतली होती. एक विणकर वर्षातून एकदा पाठीवर गठ्ठा घेऊन यायचा. बाकीच्या बायकांनी रंगीत शाली उचलल्या. आजीनं एक न रंगवलेली, बदामी आणि राखाडी यांच्या मधल्या रंगाची निवडली. दशेतला, म्हणजे टोकाला लोंबणाऱ्या झालरीतला, एक धागा तोडला, काडी ओढून पेटवला, नाकाशी नेला. केस जळल्यासारखा वास आला, धागा वितळून चिकटला नाही, राख बोटांत चुरडली गेली. तेव्हा कुठे तिनं मान हलवली. विणकर हसला म्हणे. म्हणाला, एवढी चौकशी तर लोक जावई करतानासुद्धा करत नाहीत.

शाल चांगली लांबरुंद होती. तिची वीण तिरकस होती, म्हणजे आडवा धागा दोन उभ्या धाग्यांच्या वरून, दोनांच्या खालून जायचा, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकायचा. त्यामुळे जवळून पाहिलं की कापडावर बारीक तिरप्या रेघा दिसत, कुणी तरी हलक्या हातानं पावसाचं चित्र काढल्यासारख्या. हिवाळ्यात आजी कामावर जाताना ती खांद्यावर घ्यायची आणि घरी आली की पोरांच्या अंगावर टाकायची. दोघांना ती पुरायची, तरी ताई कायम जास्तीची बाजू ओढायची, आणि धाकटा तक्रार न करता तिच्या पाठीला चिकटून झोपायचा.

पहिलं भोक पडलं ते शेगडीतल्या ठिणगीनं. ताई किंचाळली, पण आजी शांत होती. लोकर पेट घेत नाही, ती नुसती रुसते, असं म्हणून तिनं जळकी कड नखानं खरवडून काढली. मग दशेतले दोन धागे कात्रीनं मुळाशी कापले आणि दिव्याखाली बसून त्याच धाग्यांनी भोक विणून काढलं. बाजारातला धागा का नाही आणायचा, असं धाकट्यानं विचारलं. आजीनं समजावलं की रंग म्हणशील तर जुळेलही, पण बाजारातली लोकर या शालीबरोबर उन्हात बसलेली नाही, धुतली गेलेली नाही, ती वेगळी म्हातारी होईल आणि चार वर्षांनी ठिगळ डोळ्यांत खुपेल. शालीचं औषध शालीतच असतं, एवढं लक्षात ठेव.

धुण्याचा दिवस वर्षातून एकच, थंडी सरली की. त्या दिवशी आजी इस्पितळातली मुकादम व्हायची. आधी शाल दोरीवर टाकून मऊ ब्रशनं झाडायची, विशेषतः घड्यांच्या खाचा. मग टबात गार पाणी. थोडंसुद्धा कोमट नको, आणि धुताना एक आणि खंगाळताना दुसरं असं तर मुळीच नको. धक्का बसला की लोकर आटते, तिचे केस एकमेकांत गुंततात आणि कापड जाड, छोटं, निबर होतं. मग ते कुणाच्या बापाला सुटं करता येत नाही. साबण आधी पाण्यात विरघळवायचा, मग शाल बुडवायची. चोळायचं नाही, आपटायचं नाही, तळव्यांनी नुसतं दाबायचं आणि सोडायचं. पिळायचं तर नावच काढायचं नाही. ओली लोकर जड असते आणि अशक्त असते, एका टोकाला धरून उचललीत तर स्वतःच्याच वजनानं ताणली जाते, म्हणून दोन्ही हात खाली घालून बाळासारखी उचलायची. टॉवेलवर पसरायची, टॉवेलसकट गुंडाळायची, वरून गुडघ्यांनी दाबायची. हे गुडघ्यांचं काम धाकट्याचं. शेवटी सावलीत आडवी पसरून, कडा हातानं सरळ करून वाळवायची. घडी घालताना दर वेळी नव्या जागी घालायची, कारण कापड मोडतं ते एकाच घडीवर.

ताईचं लग्न झालं आणि ती मेहुण्यांबरोबर लांबच्या देशात गेली, जिथे वर्षातले निम्मे महिने बर्फ असतो. आजीनं शाल तिला देऊ केली होती. बॅगेत जागा नाही, ताई म्हणाली. आजीनं आग्रह केला नाही. पुढे काही वर्षांनी, थोड्याशा आजारानंतर, आजी ज्या इस्पितळाच्या चादरी तिनं धुतल्या होत्या त्याच इस्पितळात वारली. ताईला यायला जमलं नाही. शाल धाकट्याकडे राहिली, आणि एक खोली, आणि ती शेगडी.

तोपर्यंत तो कवळ्या बनवायला लागला होता. दातांचे डॉक्टर पुढच्या खोल्यांत बसत, आणि मागे, अंगणाकडे उघडणाऱ्या एका खोलीत, धाकटा प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर बसायचा. मेणात दात बसवायचे, हिरड्यांचा रंग जुळवायचा, घासून चकचकीत करायचं. दातांच्या छटांची एक पट्टी त्याच्या टेबलावर असे. ती तो नेहमी खिडकीपाशी नेऊन बघायचा, ट्यूबलाइटचा त्याला भरवसा नव्हता. रुग्ण त्याला कधी दिसत नसत. माणूस यायचा, हसून जायचा, पण ते हसणं पुढच्या खोलीत व्हायचं. मागच्या खोलीत फक्त यंत्राची घरघर. लग्नाचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा आपोआप मिटला, त्यात कुणाचा दोष नव्हता. घरी आला की तो शाल खांद्यावर घ्यायचा, जेवायचा, रेडिओ लावायचा. शेजारी नवे आले, गेले. त्याच्या दाराशी थांबून बोलणारं कुणी राहिलं नाही, आणि हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

एकदा दाराच्या कडीत अडकून शाल टरकन फाटली, काटकोनात. हे आजीच्या शिकवणीबाहेरचं होतं. बाजारामागच्या गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी एक रफूवाली बसायची, तिच्याकडे तो शाल घेऊन गेला. ती साधारण त्याच्याच वयाची, फार न बोलणारी बाई. तिनं शाल उलटसुलट केली, दशा मोजल्यासारख्या बोटांतून सोडल्या आणि म्हणाली, यातल्या काही घ्याव्या लागतील. त्यानं मान डोलावली. चार दिवसांनी गेला तेव्हा फाटकं कुठे होतं ते त्याला खिडकीशी धरूनही सापडेना. नंतरच्या वर्षांत तो आणखी काही वेळा गेला. कधी खुर्चीच्या खिळ्यानं, कधी कोपराशी झिजून. प्रत्येक वेळी ती थोड्या दशा घ्यायची, आणि होता होता दोन्ही टोकांच्या दशा खुरटत गेल्या, वर्षानुवर्षं कापलेल्या नखांसारख्या.

मेहुणे वारले त्या वर्षी ताईनं फोनवर एक दिवस अचानक शालीचं विचारलं. म्हणाली, अजून आहे का रे? रोज अंगावर घेतोस? घेऊ नकोस, फाडशील, माझ्या लेकीला हवी आहे ती, जपून ठेव. धाकटा बरं म्हणाला. त्याला वाईट वाटलं नाही. उलट, आपल्या घरातलं काही तरी कुणाला हवं आहे, या गोष्टीनं तो दोन दिवस हलका होता.

त्यानं शाल जपायचं ठरवलं आणि तिथेच चूक झाली. ठेवण्याआधी ती धुवायला हवी हे त्याला पाठ होतं. पण गेल्या खेपेला ओल्या शालीला हात घातला तेव्हा मधलं कापड फार विरळ लागलं होतं, आणि आता धुताना हातातच फाटली तर, या भीतीनं त्यानं ती तशीच एका पेटीत ठेवली. छातीशी कधी तरी सांडलेल्या सुपाचा फिकट डाग होता, मानेशी घामाचा. त्यानं वर कागद घातला, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पेटी पलंगाखाली सरकवली. स्वतःसाठी एक स्वेटर घेतला. पेटीच्या झाकणाला फट होती. गोळ्या वर्षभरात उडून गेल्या. त्यानं पेटी पुन्हा उघडली नाही. उघडली तर अंगावर घ्यावीशी वाटेल, अशी त्याला धास्ती होती.

पाच हिवाळे गेले. मग ताईचा फोन आला की येत्या थंडीच्या शेवटी आम्ही दोघी येतोय, मी आणि लेक. त्या रविवारी त्यानं पेटी ओढली. झाकण उघडताच सोनेरी रंगाचा एक इवला पतंग उडाला आणि अंधाऱ्या कोपऱ्याकडे पळाला. धाकट्याला तेव्हाच कळलं. कसर लागली होती. घड्यांच्या खाचांत वाळूसारखे कण होते, रेशमाच्या बारीक पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या होत्या, आणि एका नळीतून अळीचं काळसर डोकं बाहेर येऊन परत आत गेलं. त्यानं शाल खिडकीशी धरली. डाग होता तिथे मुठीएवढी चाळण झाली होती. मानेशी तसंच. घडीवर खाल्लेलं होतं ते उलगडल्यावर एका रांगेत चार ठिकाणी दिसत होतं. तो पलंगाच्या कडेला बसला. रडावंसं वाटत होतं, पण ज्याच्यापुढे रडायचं असं कुणी नव्हतं, आणि एकट्यानं रडायची त्याला सवय नव्हती.

मग आजीची पद्धत आठवून त्यानं शाल अंगणात नेऊन ब्रशनं झाडली, खाचाखाचांतून, आणि पेटी उन्हात उघडी टाकली. पण अंडी ब्रशनं जात नाहीत. ती गारठ्यानं मरतात, तेही कडक गारठ्यानं, आणि घरच्या फ्रिजच्या छोट्या कप्प्यात शाल मावेना. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याचा मोठा फ्रीझर हिवाळ्यात निम्मा रिकामा असायचा. धाकट्यानं शाल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून बांधली आणि त्याच्याकडे जाऊन अडखळत विनंती केली. आइस्क्रीमवाल्यानं पिशवी दाबून पाहिली, कोणत्या चवीचं आहे म्हणून विचारलं आणि तळाशी ठेवून दिली. आठवडाभरानं काढली, दोन दिवस घरी राहू दिली, पुन्हा आठवडाभर ठेवली, म्हणजे पहिल्या गारठ्यातून वाचलेलं काही जागं झालं असलं तर दुसऱ्यात संपावं.

रफूवालीनं शाल ओळखली. तिनं ती टेबलावर पसरली, मग उचलून उजेडासमोर धरली, आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली. शेवटी ती खाली ठेवून म्हणाली की हे काम होण्यासारखं आहे, पण तिच्याच्यानं होणार नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोटाच्या बाहीचं भोक ती अजून हातांच्या अंदाजानं भरत होती, पण इथे एकेक धागा मोजावा लागणार होता.

"मग कोण करेल?" त्यानं विचारलं.

"तुम्ही दात बनवता ना," ती म्हणाली. "हात तर आहेत. मी सांगते, तुम्ही करा."

दुसऱ्या संध्याकाळपासून तो कामावरून सुटला की थेट तिच्या दुकानात जायला लागला. दुकान कसलं, एक टेबल, दोन स्टुलं, तारांवर लटकलेले कोट आणि एक खिडकी.

आधी तिनं त्याची धुण्याची भीती काढली. शालीखाली जुन्या पडद्याचं जाळीदार कापड घ्यायला लावलं, वरून तसंच दुसरं, आणि भोकांच्या चहूबाजूंनी मोठे कच्चे टाके घालून तिन्ही थर एकत्र शिवायला सांगितले. अशी जाळीत बंद केलेली शाल तिनं त्याच्याकडून टबात गार पाण्यात दाबून घेतली. पाणी चहासारखं झालं. उचलायची ती खालच्या कापडाला धरून, शालीला हात नाही. वजन कापडानं पेललं, आणि शालीचा एक धागाही नव्यानं तुटला नाही. ती वाळून टाके उसवले तेव्हा लोकर पुन्हा फुललेली होती. तिच्यावर हात फिरवताना धाकट्याच्या मनात आलं, हे तेव्हाच केलं असतं तर.

मग प्रश्न धाग्याचा. दशा संपल्यात जमा होत्या आणि त्यांचे तुकडे एवढ्या भोकांना पुरले नसते. रफूवालीनं शालीचं एक टोक त्याच्या पुढ्यात सरकवलं. कडेचा आडवा धागा सुईनं उचलून ओढायला सांगितला. धागा सरसर निघून आला, शालीच्या पूर्ण रुंदीएवढा लांब, विणीच्या लाटा अंगावर तशाच घेऊन. त्याच्या मागचा दुसरा. आडवे धागे निघत गेले तसे उभे धागे मोकळे होऊन लोंबायला लागले, आणि धाकट्याच्या लक्षात आलं की शाल आखूड होते आहे आणि त्याच वेळी तिला नव्या दशा फुटताहेत.

"किती काढायचे?"

"चार बोटं रुंदीचे," ती म्हणाली. "मधलं राखायचं तर टोकाचं द्यावं लागतं."

धाग्याच्या लाटा सरळ करायच्या नाहीत, त्या कापडात बसताना उपयोगी पडतात, असं तिनं बजावलं. सुई लांब आणि बोथट टोकाची, म्हणजे ती धागा चिरत नाही, दोन धाग्यांच्या मधून वाट काढते. सुरुवात भोकाच्या कडेला करायची नाही. कसरीनं कडेचे धागेही अर्धेमुर्धे चावलेले असतात, म्हणून दोन बोटं बाहेर, धडधाकट कापडात शिरायचं आणि तिथून चालत यायचं. आधी उभे धागे घालायचे, तुटलेल्या प्रत्येक धाग्याच्या जागी एक. मग आडवे, दोनांच्या वरून, दोनांच्या खालून, पुढच्या ओळीत एक घर सरकून. एक घर चुकलं की तिरपी रेघ मोडते, आणि डोळा नेमका तिथेच अडकतो.

त्याचं पहिलं रफू छान दिसत होतं. रफूवालीनं त्यावरून अंगठा फिरवला आणि उसवायला सांगितलं. कापड गोळा झालं होतं. त्यानं प्रत्येक धागा कवळीची तार ओढावी तसा घट्ट ओढला होता.

"धागा ओढायचा नाही, ठेवायचा," ती म्हणाली. "आणि वळताना मागच्या बाजूला बारीकसा फास सोडायचा. धुतल्यावर नवा धागा थोडा आखडतो, त्याला आखडायला जागा हवी. जागा नसली की तो आजूबाजूच्या जुन्यांना घेऊन फाटतो."

त्यानं उसवलं. दुसऱ्यांदा केलं, तेही उसवलं. तिसरं तिनं राहू दिलं.

सगळा हिवाळा असा गेला. बोलणं फार होत नसे. ती तिच्या कोटांची बटणं लावत बसायची, तो शालीवर वाकलेला. मधूनच ती हात पुढे करायची, तो शालीचा तेवढा भाग तिच्या हाती द्यायचा, आणि ती डोळे मिटून बोटांनी तपासायची. कधी किल्लीवाला डोकावून, रफूवालीला जोडीदार मिळाला वाटतं, असं म्हणून जायचा, आणि दोघंही ऐकलं नसल्यासारखं करायची. एकदा तिनं विचारलं, ही कुणासाठी. भाचीसाठी, तो म्हणाला. तिनं दोरा दातानं तोडला आणि तुम्ही काय पांघरणार असं विचारलं. त्यानं स्वेटर दाखवला. ती स्वेटरकडे पाहून काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंही घरी गेल्यावर त्याच्या सोबत असायचं.

शेवटी ओला रुमाल वर ठेवून, इस्त्री न टेकवता नुसती वाफ दिली, नव्या दशांना दोनदोनच्या गाठी मारल्या म्हणजे वीण सुटू नये, आणि शाल पुरी झाली. रफूवालीनं ती खांद्यावर घेऊन पाहिली, काढली, घडी घालून दिली. पुढच्या आठवड्यात ताई येणार असल्यामुळे तो म्हणाला, मग येऊन सांगतो. ती म्हणाली, या.

ताई एकटीच आली. लेकीला सुट्टी मिळाली नाही, तिच्याबद्दल एवढंच ती पहिल्या दिवशी बोलली. ती म्हातारी झाली होती आणि तिला तो म्हातारा दिसत होता, आणि दोघंही एकमेकांशी जरा जपून, पाहुण्यांसारखे वागत होते. तिला शेगडीजवळची खुर्ची दिली की ती आभार मानायची. आजीच्या आठवणी पहिल्या संध्याकाळीच संपल्या. दुसऱ्या दिवशी दोघं बराच वेळ रेडिओ ऐकत बसले.

तिसऱ्या दिवशी त्यानं शाल आणली. ताईनं ती नाकाशी धरली, मग उलगडून अंगाभोवती घेतली, आणि अंगावर घेताना ती अचानक लहान झाल्यासारखी वाटली.

"अगदी तशीच ठेवलीस रे," ती म्हणाली. "काही म्हणजे काही झालं नाही हिला."

धाकट्यानं तिच्या खांद्यावरची शालीची कड सरळ केली. चांगल्या कामाचं हेच व्हायला हवं, हे रफूवालीकडे बसून त्याला समजलं होतं. त्यानं विषय बदलून, लेकीला सांग म्हणून, धुण्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. ताई मध्येच थांबवून म्हणाली, "लेकीनं कधी मागितलीच नव्हती."

धुण्याच्या गोष्टी तिथेच राहिल्या.

"मला हवी होती," ती म्हणाली. "हे गेले आणि घर असं झालं की हीटर कितीही लावा. पण बॅगेत जागा नाही म्हणणारी मीच. कोणत्या तोंडानं मागणार?"

"सरळ मागायचंस. दिली असती."

"ते माहीत होतं. म्हणूनच नाही मागितली."

म्हणजे पाच हिवाळे तिला तिथे थंडी वाजत होती, त्याला इथे, आणि शाल पलंगाखाली कसरीच्या पोटात जात होती. हे त्याच्या मनात आलं, पण तो बोलला नाही. बोलला असता तर तिला उरलेला मुक्काम जड झाला असता. तो एवढंच म्हणाला, "घेऊन जा. पण पेटीत ठेवू नकोस. रोज अंगावर घे. हलती राहिली, उजेडात राहिली की तिला काही होत नाही. फाटली तर फाटली."

ताई शाल खांद्यावर घेऊनच गेली. बॅगेत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो रफूवालीला सांगायला गेला. दुकानाचं दार बंद होतं. किल्लीवाल्यानं सांगितलं की तिचा मुलगा आला होता, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिला घेऊन गेला, आता ती तिकडेच राहील, कोट ज्याचे त्याला परत देऊन गेली. धाकटा थोडा वेळ तिथे उभा राहिला. आतली स्टुलं खिडकीतून दिसत होती, एकावर एक ठेवलेली. मग तो घरी आला, दिवा लावला आणि त्या संध्याकाळचं काय करायचं ते त्याला सुचेना. पुढच्या कित्येक संध्याकाळींचंही तेच झालं. पाय सवयीनं गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि वळायचे.

उन्हाळा गेला. पुन्हा थंडीला सुरुवात झाली तेव्हा एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. शाल खिडकीच्या खिट्टीत अडकली होती, अंगठ्याएवढं भोक पडलं होतं, आणि तिच्या गावात हे काम करणारं कुणी नव्हतं. ती रडकुंडीला आली होती. धाकट्यानं तिला सुई कोणती घ्यायची ते सांगितलं, धागा टोकाकडून कसा काढायचा ते सांगितलं. फोन तिनं टेबलावर ठेवला. तिचा श्वास ऐकू येत होता, कात्री ठेवल्याचा आवाज आला.

"धाकट्या," ती म्हणाली, "मी उलटी बाजू बघतेय. इथे सगळीकडे बारीक बारीक फास आहेत."

"हो."

"आजीनं केलेत?"

"थोडं आजीनं. थोडं एका बाईंनी."

"आणि हे मधलं सगळं? मानेपाशी?"

अंगणात कुणाची तरी सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला.

"ते मी केलंय," तो म्हणाला.

तिकडे फोनमध्ये तिच्या घरातली कसली तरी गुणगुण ऐकू येत होती, हीटरची असेल. मग तिनं विचारलं की सुई आधी वरून घालू की खालून. वरून, तो म्हणाला, दोन धागे सोडून, आणि ओढू नकोस. तिनं सुई घातली. चुकली, उसवली, पुन्हा घातली. तो खुर्ची खिडकीशी ओढून बसला, फोन कानाशी धरून. मध्ये बराच वेळ बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि फोन ठेवून दे असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.